पाळी जायच्या वयात जास्त का जातं, आणि कुठलं जाणं तपासायचं

*मॅडम, माझं वय 46. वडगावात घरीच शिवणकाम करते. वजन 78 किलो, उंची पाच फूट, साखरेची गोळी चालू आहे. पाळी आजवर अठ्ठावीस-तीस दिवसांनी यायची. यंदा 4 मार्चला आली, मग 25 मार्चला, मग 14 एप्रिलला. त्यानंतर काहीच नाही. वाटलं, गेली एकदाची. 27 जूनला आली ती 12 जुलैपर्यंत थांबली नाही. गाठी पडायच्या, रात्री अंथरुणावर प्लास्टिक घालून झोपायची. मधे 8 जुलैला सोनोग्राफी केली, आतलं अस्तर 14 मिमी आलं. रक्त 8.4. सासूबाई म्हणतात या वयात सगळ्यांचं असंच होतं. जिथे दाखवलं तिथे पिशवी काढून टाका म्हणाले. या वयात हार्मोन कमी होतात असं ऐकते, मग जास्त का जातं? नवरात्रात सौंदत्तीला डोंगरावर जायचंय. मागच्या वेळी मेडिकलमधून पाळी लांबवायच्या गोळ्या घेतल्या होत्या, त्या 1 मार्चला संपल्या. या वेळी घेऊ का?*

ताई,

तुम्ही तारखा लिहून पाठवल्यात, त्यामुळे माझं निम्मं काम झालं. बहुतेक जणी "कधीही येते, कशीही येते" एवढंच सांगतात आणि त्यातून काही कळत नाही. तुमच्या पाच तारखांत मात्र सगळी गोष्ट दिसते, म्हणून त्यांच्याच मागे जाऊ.

हार्मोन कमी होतात हे खरं, पण ते शेवटी. पाळी कायमची जाण्याच्या आधीची काही वर्षं इस्ट्रोजेन कमी होत नाही, ते हेलकावे खातं. एखाद्या महिन्यात तरुणपणापेक्षाही जास्त असतं, दुसऱ्या महिन्यात एकदम खाली येतं. ते खरोखर उतरतं ते पाळी थांबण्याच्या आगेमागे. खरी उणीव आधी पडते ती दुसऱ्याच हार्मोनची, प्रोजेस्टेरॉनची. तुमच्या जास्त जाण्याचं मूळ बहुधा तिथेच आहे.

नेहमीच्या महिन्यात काय होतं ते आधी सांगते. बीजकोशात एक बीज वाढायला लागतं आणि त्याच्याभोवतीच्या पेशी इस्ट्रोजेन तयार करतात. त्या इस्ट्रोजेनने पिशवीच्या आतलं अस्तर वाढतं. महिन्याच्या मध्यावर बीज फुटून बाहेर पडतं, आणि ते जिथून फुटलं ती रिकामी जागा प्रोजेस्टेरॉन बनवू लागते. प्रोजेस्टेरॉन अस्तराची वाढ थांबवतं आणि त्याला पक्कं करतं. गर्भ राहिला नाही तर चौदा दिवसांच्या आसपास ते एकदम उतरतं, अस्तर सगळीकडून एकाच वेळी सुटतं, आतल्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि चार-पाच दिवसांत रक्त थांबतं.

आता बीज फुटलंच नाही असं समजा. मग प्रोजेस्टेरॉन येणार कुठून? इस्ट्रोजेन मात्र चालूच राहतं, आणि अस्तर वाढतच जातं. आपल्याकडे खानापूरच्या वाटेवर भाताची शेतं आहेत, तिथल्या कुठल्याही शेतकऱ्याला हे लगेच समजेल. युरिया जास्त पडला की भात हिरवंगार आणि उंच होतं, पण ताठ उभं राहायची ताकद त्याच्यात नसते. वाऱ्याची एक झुळूक आली की ते लोळतं, आणि तेही सगळं एकदम नाही. आज या कोपऱ्यात एक पट्टा, उद्या मधे एक, परवा बांधाजवळ. पिकलेलं भात कसं, एका दिवसात कापून शेत मोकळं होतं. प्रोजेस्टेरॉनशिवाय वाढलेलं अस्तर तसंच जागोजागी तुटतं. एका जागची जखम भरत आली की दुसरीकडे सुटतं, आणि वाहिन्या नीट आवळल्या न गेल्यामुळे रक्त थांबत नाही. म्हणून पंधरा-सोळा दिवस जातं, आणि एवढ्या रक्ताच्या गाठी होतात.

आता तारखांकडे या. 4 मार्चची पाळी ही तुमची पाळी नव्हतीच. गोळ्या 1 मार्चला संपल्या आणि तीन दिवसांनी रक्त आलं. त्या गोळ्यांत प्रोजेस्टेरॉनसारखंच औषध असतं, ते बंद केलं की दोन-तीन दिवसांत अस्तर सुटतं. तिथून 25 मार्चला एकवीस दिवस, तिथून 14 एप्रिलला वीस दिवस. हे जवळ जवळ येणं या काळाची पहिली खूण असते. बीजकोशातली बीजं संपत आली की मेंदूखालची ग्रंथी त्यांना जागवण्यासाठी एफएसएच नावाचं हार्मोन जास्त सोडते. त्याने बीज घाईने वाढतं आणि पाळी लवकर येते. मग 14 एप्रिलनंतर 74 दिवस काही नाही. या अडीच महिन्यांत पाळी गेली असं तुम्हाला वाटलं. आत बहुधा बीज वाढत राहिलं पण फुटलं नाही, इस्ट्रोजेन वाहत राहिलं आणि अस्तर साठत गेलं. 27 जूनला ते कोसळायला लागलं.

यात तुमच्या वजनाचाही वाटा आहे. लागेल असं बोलते याची मला कल्पना आहे, पण ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. शरीरातली चरबी स्वतःसुद्धा इस्ट्रोजेन बनवते. बीजकोश थकला तरी ती बनवत राहते, आणि त्याला आवर घालणारं प्रोजेस्टेरॉन तिच्याकडे नसतं. साखरेच्या आजारात इन्सुलिन जास्त राहतं, तेही अस्तराच्या वाढीला हातभार लावतं. म्हणजे तुमच्या शेतात दोन बाजूंनी युरिया पडतोय.

इथवरचं सगळं "या वयात होतं" या सासूबाईंच्या म्हणण्याला धरून आहे आणि त्या अर्ध्या बरोबर आहेत. उरलेला अर्धा भाग असा, की हेच न आवरलेलं इस्ट्रोजेन वर्षानुवर्षं अस्तरावर काम करत राहिलं तर अस्तराच्या पेशी बिघडू शकतात, आणि त्यातल्या काहींचा पुढे कर्करोग होतो. रक्ताकडे नुसतं पाहून साधं वाढलेलं अस्तर कुठलं आणि बिघडलेलं कुठलं हे कुणालाही सांगता येत नाही, मलाही नाही. म्हणून कुठलं जाणं बघत थांबायचं आणि कुठलं तपासायचं याची रेघ माहीत असावी लागते.

ती रेघ मी माझ्याकडे येणाऱ्या बायकांना अशी सांगते. पाळ्यांमधलं अंतर वाढत चाललं असेल, दीड-दोन-तीन महिन्यांनी येत असेल, आली की चार-सहा दिवसांत नेहमीइतकंच जाऊन थांबत असेल, तर ते पाळी जाण्याचं नेहमीचं वळण आहे. तारखा लिहीत राहा. पण पाळी एकवीस दिवसांच्या आत पुन्हा पुन्हा येत असेल, सात-आठ दिवसांवर लांबत असेल, दोन पाळ्यांच्या मधे डाग पडत असतील, किंवा संबंधानंतर रक्त दिसत असेल, तर तिथे वयाचं कारण पुढे करून थांबायचं नाही. संबंधानंतरच्या रक्तात तर आधी गर्भाशयाचं तोंड पाहावं लागतं, तिथला आजार वेगळा असतो.

जास्त जाणं म्हणजे किती, हे प्रत्येक बाईचं वेगळं माप असतं, म्हणून त्यालाही मोजमाप सांगते. तास-दोन तासांत पॅड भिजून बदलावं लागतं, रात्री उठून बदलावं लागतं, दहा रुपयांच्या नाण्याएवढ्या किंवा मोठ्या गाठी पडतात, तर ते जास्तच आहे. कपडा वापरत असाल तर दिवसात किती वेळा बदलला ते मोजा. तुम्ही अंथरुणावर प्लास्टिक घालत होता, तिथे मोजायचंही कारण उरलं नाही. आणि लागोपाठ दोन तास, दर तासाला एक पॅड पूर्ण भिजत असेल, उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी येत असेल किंवा चार पायऱ्या चढून धाप लागत असेल, तर सकाळची वाट बघू नका. त्याच वेळी जिल्हा रुग्णालयात किंवा जवळ जे मोठं हॉस्पिटल असेल तिथे जा.

एक गोष्ट मुद्दाम वेगळी सांगते, कारण तिथे सगळ्यात जास्त चूक होते. पाळी सलग बारा महिने आली नाही की ती गेली असं म्हणतात. त्यानंतर एक थेंब जरी रक्त दिसलं, नुसता गुलाबी डाग जरी पडला, तरी तपासायचंच. माझ्याकडे निपाणीच्या बाजूची चौपन्न वर्षांची बाई आली होती. दोन वर्षं पाळी नव्हती, मग एकदा परकराला डाग लागला. उष्णता झाली असेल म्हणून तिने सोडून दिलं. तीन महिन्यांनी परत लागला, परत सोडून दिलं. आठ महिन्यांनी लेकीने ओढत आणली. अस्तराचा कर्करोग निघाला, नशिबाने पिशवीच्या बाहेर गेला नव्हता, ऑपरेशनवर भागलं. अशा दहा जणींपैकी साधारण नऊ जणींचं कारण साधंच निघतं, अस्तर विरळ होणं, एखादा मस्सा. पण दहावी कोण ते डागावरून कळत नाही.

तुमच्या बाबतीत रेघ दोन-तीन ठिकाणी ओलांडली गेली आहे. वय पंचेचाळीसच्या वर, सोळा दिवसांचं गाठींसह जाणं, त्यात वजन आणि साखर. एवढ्यावरच अस्तराचा नमुना तपासायला हवा, सोनोग्राफीत काहीही येवो. त्या 14 मिमीच्या आकड्याने तुम्ही घाबरला आहात असं पत्रावरून वाटतं. ज्या बाईची पाळी अजून चालू आहे तिचं अस्तर पाळीच्या आधी एवढं जाड असणं नवीन नाही. चार मिमीच्या वर गेलं की काळजी, हा नियम पाळी पूर्ण गेलेल्या आणि त्यानंतर रक्त दिसलेल्या बाईसाठी आहे, तो तुम्हाला लावायचा नाही. शिवाय तुमची सोनोग्राफी रक्त चालू असताना झाली, तेव्हा आतल्या गाठीही जाडीत मोजल्या जातात. म्हणजे 14 मुळे घाबरायचं नाही, आणि उद्या 7 आलं तरी नमुना टाळायचा नाही. सोनोग्राफीचा इथला खरा उपयोग वेगळा आहे. पिशवीला गाठ म्हणजे फायब्रॉइड आहे का, भिंत सुजल्यासारखी जाड झाली आहे का, आत मस्सा आहे का, ते त्यात दिसतं. या वयात जास्त जाण्याला ही कारणंही असतात. तुमच्या रिपोर्टमध्ये याबद्दल काही लिहिलं आहे का ते परत वाचा.

नमुना घेणं म्हणजे क्युरेटिंग, भूल, ऑपरेशन थिएटर असं बहुतेकींच्या डोळ्यांपुढे येतं. आता ते बहुतेक वेळा ओपीडीतच होतं. बॉलपेनच्या आतल्या कांडीएवढी बारीक प्लास्टिकची नळी गर्भाशयाच्या तोंडातून आत सरकवतात, आतला दट्ट्या मागे ओढला की अस्तराचा थोडा भाग नळीत येतो. एक-दोन मिनिटांचं काम. त्या वेळी पाळीच्या कळेसारखी जोराची कळ येते, मग ती उतरते. तासभर आधी एक वेदनाशामक गोळी घेतली तर सोपं जातं, कुठली ते तुमच्या डॉक्टरांना विचारा. नमुना फॉर्मलीनच्या छोट्या बाटलीत पॅथॉलॉजीला जातो आणि साधारण आठवड्यात रिपोर्ट येतो. त्याआधी लघवीची गर्भाची तपासणी करून घ्या. सेहेचाळिसाव्या वर्षी कसलं काय, असं म्हणू नका. अडीच महिन्यांची चुकलेली पाळी आणि मग रक्त, यात गर्भ हे कारण या वयातही निघतं. थायरॉइडची रक्ततपासणीही त्याच वेळी होऊन जाईल. एफएसएच करायला सांगितलं तर मात्र पैसे वाया घालवू नका. या काळात तो आकडा या आठवड्यात एक आणि पुढच्या आठवड्यात दुसराच येतो, त्यावरून तुमचं काहीच ठरणार नाही.

पिशवी काढायची की नाही, याचं उत्तर त्या पॅथॉलॉजीच्या कागदावर अवलंबून आहे. तो कागद यायच्या आधी कुणी ऑपरेशनची तारीख देत असेल तर मी ती घेणार नाही. अस्तर नुसतं वाढलेलं निघालं, तर प्रोजेस्टेरॉनची उणीव औषधाने भरून काढली की बहुतेकींचं थांबतं. वाढ जास्त आहे पण पेशी चांगल्या आहेत असं लिहून आलं, तर ते कर्करोगाकडे जाण्याची शक्यता वीस वर्षांत शंभरात पाचहून कमी असते. त्यावर सहा महिने प्रोजेस्टेरॉन देऊन पुन्हा नमुना तपासतात. तुमच्यासारखीला, जिला साखर आहे आणि रोजच्या गोळ्या आधीच आहेत, तिला मी कॉपर-टीसारखी दिसणारी हार्मोनची टी सुचवते. ती पिशवीतच थोडं थोडं औषध सोडते आणि पाच वर्षं तरी चालते. पहिले तीन-चार महिने अधूनमधून डाग पडत राहतात, त्याला कंटाळून काढून टाकू नका. आणि पेशी बिघडलेल्या आहेत असं लिहून आलं, तर मात्र पिशवी काढणं हाच चांगला उपाय आहे, तेव्हा मी स्वतः तुम्हाला उशीर करू देणार नाही.

हे इतकं का लिहिते ते सांगते. आपल्या भागात "मुलं झाली, आता पिशवीचं काय काम" हे वाक्य फार सहज बोललं जातं. बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या पिशव्या इतक्या काढल्या गेल्या की 2019 मध्ये महाराष्ट्र सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. कधी कधी पिशवीबरोबर दोन्ही बीजकोशही काढतात आणि बाईला ते नंतर कळतं. मग इस्ट्रोजेन हळूहळू न उतरता एका रात्रीत जातं, आणि त्याचा परिणाम हाडांवर आणि हृदयावर होतो. म्हणून कधी ऑपरेशनची वेळ आलीच, तर बीजकोश ठेवणार का, हे विचारून घ्या. संमतीपत्र कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत असेल तर नर्सबाईंकडून मराठीत वाचून घेतल्याशिवाय सही करू नका. वाचून दाखवा म्हणायला लाजायचं कारण नाही.

तोवर पुन्हा जास्त जायला लागलं, तर ट्रॅनेक्सॅमिक ॲसिडची गोळी रक्त आटोक्यात आणते. 500 मिलिग्रॅमच्या दोन, दिवसातून तीन वेळा, फक्त जास्त जाण्याचे दिवस आणि पाचपेक्षा जास्त दिवस नाही. पायाच्या शिरेत किंवा फुप्फुसात कधी रक्ताची गाठ झाली असेल तर ती चालत नाही, म्हणून डॉक्टरांना विचारून चिठ्ठी करून घ्या. 8.4 रक्तासाठी लोहाची गोळी आजपासून सुरू करा, रोज एक. ती चहाबरोबर घेऊ नका, आधी-नंतर दोन तास चहा नको, लिंबू-पाण्याबरोबर घेतली तर चांगली लागू पडते. शौचाला काळं होईल, त्याने दचकू नका. आकडा बरोबर आला तरी तीन महिने थांबवू नका, कारण शरीरातला साठा त्यानंतर भरतो.

भिंतीवरच्या दिनदर्शिकेत दूध आणि गॅस लिहिता, तिथेच आता रोज एक आकडा लिहा, त्या दिवशी किती पॅड लागले तो. गाठ पडली त्या दिवशी आकड्याभोवती गोल. नुसता डाग असेल तर टिंब. दवाखान्यात जाताना ते पान फाडून बरोबर न्या.

राहिला सौंदत्तीचा प्रश्न. मेडिकलमधून त्या गोळ्या या वेळी घेऊ नका. आत काय आहे हे कळल्याशिवाय घेतलेली गोळी रक्त काही दिवस थोपवते, आणि तपासणी तेवढी पुढे जाते. थांबवलं की साठलेलं पुन्हा येणार, ते 4 मार्चला तुम्ही पाहिलं आहे. नवरात्राला अजून दोन महिने आहेत. या आठवड्यात नमुना दिलात तर ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात रिपोर्ट हातात येईल. रिपोर्ट चांगला आला आणि टी बसवायची नसेल, तर बहुतेक तुम्हाला प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्याच सुरू होतील, दर महिन्याला ठराविक दिवस. त्या कधी सुरू करायच्या आणि कधी थांबवायच्या हे डॉक्टरांनी ठरवताना डोंगराची तारीख त्यांना सांगा. तुमच्यासाठी ते दिवस मागे-पुढे करता येतात, मी कितीतरी जणींसाठी करून दिले आहेत.